लग्नाचे फोटो: तीन कोटेशनं, तिन्हींचा हिशेब वेगळा. तुलना करायची कशी?

पारिजातक

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय आणि फोटोग्राफर ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. तिघांकडून कोटेशन आणली. तिघांचं काम पाहिलंय, तिघंही पसंत आहेत, त्यामुळे फोटो कोण चांगले काढतो हा प्रश्न नाही. अडचण अशी की प्रत्येकाने पॅकेज वेगळ्याच पद्धतीने बांधलंय आणि शेजारी शेजारी ठेवून बघायला गेलं की डोकं चालेनासं होतं.

रकमा प्रमाणात लिहिते. सगळ्यात स्वस्त पॅकेजला १,००० धरलेत, बाकीचे आकडे त्याच मापात.

पहिल्याचे १,०००. एक दिवस, ८ तास, एक फोटोग्राफर, ४० पानांचा अल्बम, ३०० एडिट केलेले फोटो. जादा तासाला १६०. जादा दिवस हवा तर ४ तासांचे ५००.

दुसऱ्याचे १,५००. एक दिवस, १० तास, दोन फोटोग्राफर, ३० शीटचा अल्बम, ४०० फोटो. जादा तास २००, जादा दिवस ४ तासांचा ६००.

तिसऱ्याचे २,१००. दोन दिवस, ६ आणि ८ असे १४ तास, दोन फोटोग्राफर, ८० पानं, ६०० फोटो. जादा तास १८०.

आमच्याकडे आदल्या संध्याकाळी घरगुती कार्यक्रम आहे, साधारण ४ तासांचा. लग्नाच्या दिवशी तयारीपासून शेवटचे पाहुणे निघेपर्यंत साडेदहा तास धरलेत. मी तासाचा भाव काढला तर पहिला १२५, दुसरा आणि तिसरा दोघंही १५०. म्हणजे पहिला घ्यावा का? आई म्हणते पहिलाच घे. मला मात्र काहीतरी निसटतंय असं वाटतंय.

हिशेबी

तुमचा भागाकार बरोबर आहे, मीही माझ्या वेळी हेच केलं होतं. तासाचा भाव हेच एक माप तिघांना सारखं लागू पडतं. बाकी पानं, फोटो या गोष्टी वाटाघाटीत वर-खाली करून घेता येतात. १२५ वाला घ्या आणि अल्बमची थोडी पानं वाढवून मागा. दुसऱ्याकडे तर अल्बम ३० चाच आहे, पैसे जास्त आणि अल्बम लहान, ते मला पटत नाही.

सुमनताई

अल्बमच्या बाबतीत आमचं काय झालं ते सांगते, म्हणजे पारिजातकला उपयोग होईल.

आम्ही ४० पानांचा अल्बम घेतला होता. फोटो निवडायला बसलो तेव्हा घरातल्या प्रत्येकाला आपापले हवे होते, मग ३८० फोटो निवडले गेले. डिझाइन करणाऱ्याने ते सगळे बसवले. एका पानावर नऊ-दहा फोटो, चेहरे नखाएवढे. त्यात सासूबाईंचा आणि त्यांच्या बहिणीचा एकच एकत्र फोटो होता, तो मोठा केला खरा, पण दोन पानांवर पसरून. सासूबाई नेमक्या घडीत गेल्या. अल्बम पूर्ण उघडला तरी त्यांचा अर्धा गाल दिसत नाही. त्या आता नाहीत आणि तो फोटो बघताना दर वेळी जीव कासावीस होतो.

पानं वाढवून मागितली तेव्हा उत्तर आलं की डिझाइन मंजूर झाल्यावर वाढवली तर पूर्ण मांडणी नव्याने करावी लागते, त्याचे वेगळे पैसे. म्हणून पानं किती हवीत ते आधीच ठरवा.

काचबिंब

मी बरीच वर्षं लग्नांचे फोटो काढले, आता मुख्यतः अल्बम डिझाइन करतो. दोन गोष्टी आधी सरळ करू.

पहिली, शीट आणि पान. अल्बम उघडला की डावं आणि उजवं मिळून जो एक सलग कागद दिसतो त्याला आमच्याकडे शीट म्हणतात. म्हणजे ३० शीट म्हणजे ६० पानं. त्यामुळे दुसऱ्याचा अल्बम पहिल्यापेक्षा लहान नाही, दीडपट आहे. पण काही जण त्या सलग कागदालाच 'पान' म्हणतात, तेव्हा पहिल्याची ४० पानं खरी २० शीट आहेत की ४० शीट, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. फोनवर विचारू नका. समोर बसा, त्यांचा नमुन्याचा अल्बम उघडा, दोन्ही पानांवर हात ठेवा आणि विचारा, हे एक की दोन? जे उत्तर येईल ते कोटेशनवर लिहून घ्या. आणि अल्बमच्या जाडीवरून पानं मोजू नका. पानांमध्ये जाड पुठ्ठा असेल तर २० शीटचा अल्बमही भरघोस दिसतो.

दुसरी, तासाचा भाव. हिशेबी यांचं म्हणणं तेव्हाच खरं असतं जेव्हा बाकी सगळं सारखं असतं. इथे नाही. पहिल्याच्या १,००० मध्ये अल्बम आणि एडिटिंगही आहे. ते बाजूला काढून बघा. पारिजातक, तिघांनाही एवढं विचारून याल का: जादा शीटचे किती, ठरल्यापेक्षा जास्त फोटो एडिट करायचे किती, आणि 'एडिट' म्हणजे ते नेमकं काय करतात. तिसऱ्याला आणखी एक प्रश्न विचारा, तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी ६ पैकी ४ च तास लागले तर उरलेले २ तास दुसऱ्या दिवशी मिळतात का?

भटक्या

जादा दिवस घेणार असाल तर पहाटेचा घ्या. ऊन कोवळं असतं, चेहऱ्यावर सावल्या पडत नाहीत, गर्दी नसते. आम्ही नदीकाठी गेलो होतो, दोघांचे इतके सुंदर फोटो आले की अल्बमची पहिली पानं त्यांनीच भरली. आणि मधल्या वारी गेलो म्हणून कमी पैशांत झालं.

पारिजातक

भटक्या, धन्यवाद. पण आमचा जादा दिवस म्हणजे लग्नाआधी दोघांना घेऊन बाहेर जाणं नाही. आदल्या संध्याकाळचा कार्यक्रम आहे, त्याची तारीख हलत नाही.

काचबिंब दादा, उद्या तिघांकडे जाऊन येते. सुमनताई, तुमचं वाचून गलबलून आलं. घडीचं लक्षात ठेवेन.

काचबिंब

भटक्या यांचा मुद्दा वेगळा असला तरी त्यातलं एक इथे लागू होतं. लग्नाच्या हंगामात फोटोग्राफरची तारीख अडली की त्या दिवशी त्याला दुसरं काम घेता येत नाही, मग तुम्ही चारच तास बोलवा की आठ. म्हणून जादा दिवस पॅकेजमधल्या तासाच्या मानाने सहसा महाग पडतो. हलवता येणारा दिवस असेल, मधल्या वारचा, तर तिथे घासाघीस करायला जागा असते. तुमच्या आदल्या संध्याकाळी ती फारशी नाही.

रानवारा

वेळेचं घड्याळ कधी सुरू होतं तेही विचारा. आमच्याकडे फोटोग्राफर सकाळी ९ ला हॉलवर आला, दिवे लावणं, जागा बघणं यात पाऊण तास गेला, पहिला फोटो पावणेदहाला निघाला. तास मात्र ९ पासून मोजले. मला तेव्हा ते अन्यायाचं वाटलं होतं.

आणि संध्याकाळी मी स्टेजवर पाहुण्यांना भेटत उभा होतो, हातात कुणीतरी दिलेला गुच्छ, मागे रांग. त्यांचा मदतनीस कानाशी येऊन म्हणाला, "दादा, वेळ संपली, पुढचं चालू ठेवू ना?" अशा वेळी माणूस नाही म्हणतो का? मी मान हलवली. त्यानंतर १ तास १० मिनिटं काम झालं आणि बिलात २ तास लागले. कोटेशनमध्ये मागे बारीक अक्षरात होतं की अपूर्ण तास पूर्ण धरला जाईल.

काचबिंब

आल्यापासून तास मोजणं मला गैर वाटत नाही, दिवे लावणं हेही कामच आहे. पण ते आधी सांगायला हवं. अपूर्ण तासाचं मात्र बोलून बदलून घेता येतं. अर्ध्या तासाच्या टप्प्याने मोजायला बरेच जण तयार होतात, फक्त आधी विचारावं लागतं. आणि त्या क्षणी 'हो' कोण म्हणणार हेही ठरवा. नवरा-नवरीला विचारायचं नाही, घरातल्या एका माणसाचं नाव द्यायचं.

हिशेबी

शीटचं मला माहीत नव्हतं, ते मान्य. पण तासाचा भाव निरुपयोगी आहे हे अजून पटलेलं नाही. शेवटी फोटोग्राफर वेळच विकतो ना?

पारिजातक

जाऊन आले. जरा मोठं लिहिते.

पहिल्याची ४० पानं म्हणजे २० शीटच निघाली. जादा शीटला १५. एडिट म्हणजे ३०० फोटोंचे रंग, उजेड आणि चेहऱ्याचं बारीक काम, सगळं. त्यापलीकडच्या फोटोला प्रत्येकी १. उरलेले फोटो जसे कॅमेऱ्यातून निघाले तसेच मिळणार, त्यांना हात लावणार नाहीत.

दुसऱ्याची ३० शीट, म्हणजे ६० पानं. जादा शीटला १२. ४०० फोटोंवर पूर्ण काम, आणि निवडून ठेवलेल्या बाकी सगळ्या फोटोंचे रंग ते तसेही सुधारून देतात, त्याचे पैसे नाहीत. जादा दिवशी मात्र एकच फोटोग्राफर येईल.

तिसऱ्याची ८० पानं म्हणजे ४० शीट. त्यांच्या 'एडिट' मध्ये फक्त रंग आणि उजेड. चेहऱ्याचं काम, मागची नको ती वस्तू काढणं वगैरे प्रत्येक फोटोला २. तासांबद्दल विचारलं तर म्हणाले, एका दिवसाचे तास दुसऱ्या दिवशी जात नाहीत.

बहिणीला घेऊन बसले आणि अल्बमचा कच्चा आराखडा केला. आदली संध्याकाळ १६ पानं, तयारी ८, लग्नाचा मुख्य भाग २०, घरच्यांचे एकत्र फोटो १०, स्वागत १६. एकूण ७०, म्हणजे ३५ शीट. कमी करायला गेलो तर काहीतरी हातातून सुटतंय असं वाटलं. हे जास्त आहे का?

काचबिंब

जास्त नाही. एका पानावर सरासरी तीन ते चार फोटो धरा. काही पानांवर एकच मोठा येतो, काहींवर सहा. ७० पानांत साधारण अडीचशे फोटो मोकळेपणाने बसतात. सुमनताईंच्या ४० पानांत दीडशेच्या आसपास बसायला हवे होते, तिथे ३८० कोंबले. ती चूक निवड करणाऱ्यांची नव्हती, आधी न सांगणाऱ्याची होती.

आता एडिटिंग. दहा तासांच्या लग्नात एकेक फोटोग्राफर हजाराच्या पुढे फोटो सहज काढतो. त्यातले डोळे मिटलेले, हललेले, तेच तेच काढून टाकतात. उरलेल्यांचे रंग सुधारायचं काम गठ्ठ्याने होतं. एका उजेडातल्या एका फोटोवर काम करायचं आणि तेच शेजारच्या चाळीसांना लावायचं, मग एकेकाला थोडा हात. चेहऱ्याचं काम तसं होत नाही. तिथे प्रत्येक फोटो मोठा करून घामाची चमक, डाग, मागून डोकावणारी वायर हे हातानेच काढावं लागतं आणि एका फोटोला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. म्हणून तिसऱ्याने त्याचे वेगळे पैसे लावले यात खोट नाही. पण ते काम सगळ्या फोटोंना लागतच नाही. पूर्ण पानावर येणारे आणि चेहरा जवळून दिसणारे तेवढेच, तुमच्या अल्बमात ६० च्या आसपास. लहान फोटोत तो फरक डोळ्याला दिसत नाही.

हिशेबी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पारिजातकच्याच आकड्यांत आहे. पहिल्याच्या १,००० मधून २० शीटचे १५ प्रमाणे ३०० काढा, ३०० फोटोंचे ३०० काढा. उरले ४००. म्हणजे ८ तासांचा नुसता तास ५० ला पडतो. जादा शीटचा दर पॅकेजमधल्या शीटपेक्षा चढा असणार, त्यामुळे हा ५० नेमका नाही, पण अंदाज येतो. आणि त्याच माणसाचा जादा दिवस? ४ तासांचे ५००, म्हणजे तासाला १२५, आणि त्यात ना अल्बम ना एडिटिंग. तुमच्या १२५ मध्ये सगळं होतं, याच्या १२५ मध्ये फक्त वेळ आहे. आकडा तोच, माल वेगळा.

हिशेबी

हे असं मांडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मान्य. मग पॅकेजचा भाव बाजूला ठेवून तिघांकडे आपलं पूर्ण काम घातलं तर किती होतं ते काढायला हवं. पारिजातकचे आकडे घेऊन मी करून पाहिलं, चुकलं तर सांगा.

पहिला: १,०००. लग्नाच्या दिवशी साडेदहा तास, म्हणजे अडीच तास जादा, तीन लागणार, ४८०. आदली संध्याकाळ ५००. १५ जादा शीट, २२५. आणि अल्बमबाहेरचेही धरून घरच्यांना वाटायला ५०० तरी नीट फोटो हवेत असं मी धरलं, तर २०० जादा फोटोंचे २००. एकूण २,४०५.

दुसरा: १,५००. अर्धा तास जादा, एक लागणार, २००. आदली संध्याकाळ ६००. ५ शीटचे ६०. फोटोंचे काही नाही. एकूण २,३६०.

तिसरा: २,१००. शीट पुरतात. ६० फोटोंच्या चेहऱ्याच्या कामाचे १२०. लग्नाच्या दिवशी ८ च तास, म्हणजे पुन्हा तीन जादा, ५४०. एकूण २,७६०. पण तास पुढे जाऊ दिले असते तर मिळतात १४, लागतात साडेचौदा, एकच जादा तास, १८०. मग एकूण २,४००.

१,००० आणि २,१०० मधलं अंतर कुठे गेलं तेच कळत नाहीये.

सुमनताई

हे आमच्या वेळी कुणीतरी करून दाखवायला हवं होतं.

पारिजातक

हिशेबी दादा, मनापासून आभार. ५०० फोटो बरोबर धरलेत, आत्या-मामांकडे पाठवायचेच आहेत. हा कागद आईला दाखवला. ती दोनदा बेरीज करून गप्प बसली आणि मग म्हणाली, दुसऱ्याला फोन लाव.

मी आधी तिसऱ्याला केला. तास पुढे नेणार नाहीत, पण ६ आणि ८ ऐवजी सुरुवातीलाच ४ आणि १० असं लिहून द्यायला ते लगेच तयार झाले. मी फक्त वेगळ्या शब्दांत विचारलं होतं. म्हणजे त्यांचे २,४०० झाले. दुसऱ्याने अर्ध्या तासाचा टप्पा मान्य केला, म्हणजे २०० ऐवजी १००, एकूण २,२६०.

आता फरक १४० चा. तिसऱ्याकडे आदल्या संध्याकाळीही दोघं फोटोग्राफर आणि ३५ ऐवजी ४० शीट. दुसऱ्याकडे त्या संध्याकाळी एकच, पण सगळ्या फोटोंचे रंग आणि ४०० चं पूर्ण काम. पहिल्याचे २,४०५ आणि दोन्ही दिवस एकटा माणूस, त्यामुळे तो मी मनातून काढला.

रानवारा

घरगुती कार्यक्रमाला दोघं कशाला? एकाच खोलीत दोन कॅमेरे एकमेकांच्या फोटोत येतात. मी दुसरा घेईन.

काचबिंब

खोली किती मोठी आणि माणसं किती त्यावर आहे. तीस-चाळीस माणसं असतील तर एकटा पुरतो. पण मी एकट्याने काढलेल्या अशा संध्याकाळी हटकून एक गोष्ट राहते. सगळे नवरीकडे बघत असतात, कॅमेराही, आणि तिच्या आईवडिलांचे चेहरे कुणी टिपत नाही. दुसरा माणूस असला तर त्याचं तेवढंच काम असतं. मी तिसरा घेतला असता. पण एडिटिंगमध्ये दुसरा सरस आहे हे नाकारत नाही.

कुणाकडेही गेलात तरी कागदावर इतकं असू द्या: अल्बम ३५ शीट, एक शीट म्हणजे दोन पानं. डिझाइनमध्ये किती वेळा बदल फुकट. चेहरा घडीत येणार नाही. आणि जादा दिवसाचे फोटो त्या ४०० किंवा ६०० मध्येच मोजणार की वेगळे, हे अजून तुम्ही विचारलेलं नाही.

पारिजातक

खरंच विचारलं नाही. दुसऱ्याने वेगळे मोजले तर चित्र आणखी बदलेल. संध्याकाळी साधारण पन्नास माणसं आहेत, आणि बाबा तसे कॅमेऱ्यासमोर येतच नाहीत. आई-बाबांचं तुम्ही लिहिलंत ते बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणते तिसरा. आई अजून दुसऱ्यावर आहे. उद्या दोघांना विचारून इथे लिहिते.